जिभेवर विरघळावे, टेबलावर उभे राहावे: केकवरच्या क्रीमचा आढावा

मे महिन्यातली केकची ऑर्डर बहुतेक वेळा दोन वाक्यांत येते. पहिले वाक्य असते, "ताई, क्रीम खरे हवे हं, ते तोंडाला चिकटणारे नको." दुसरे असते, "केक साडेपाचला आणून ठेवा, सात वाजता कापू." घरून केक करून देणाऱ्या कुणालाही विचारा, या दोन वाक्यांत तिची झोप उडते. पहिले वाक्य चवीचे आहे, दुसरे उष्णतेचे. ऐकायला दोन वेगळ्या मागण्या वाटतात, पण त्या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. क्रीम जिभेवर विरघळते कारण त्यातला स्निग्ध पदार्थ शरीराच्या उष्णतेला वितळतो. आणि मे महिन्यात आपल्या हॉलचे तापमान जिभेच्या तापमानाच्या अगदी जवळ पोचलेले असते.

केकच्या सजावटीसाठी आपल्याकडे आज दोन गोष्टी वापरतात. एक दुधाचे व्हिपिंग क्रीम. दुसरी वनस्पती स्निग्धांशापासून बनवलेली व्हिप टॉपिंग, जिला बेकरीत सरसकट 'नॉनडेअरी' किंवा नुसते 'व्हिप क्रीम' म्हणतात. यातली चांगली कोणती, असा वाद नेहमी होतो. या लेखात मी तो प्रश्न थोडा वेगळ्या तऱ्हेने मांडते आहे: कोणता स्निग्ध पदार्थ कोणत्या तापमानाला किती घट्ट असतो, आणि त्याचा टिकण्यावर व चवीवर काय परिणाम होतो?

फेटताना नेमके काय होते

हे समजायला आपल्या घरचे ताक पुरे. विरजलेली साय घुसळताना उन्हाळ्यात आजी त्यात गार पाणी किंवा बर्फ घालायची आणि हिवाळ्यात कोमट पाणी. उन्हाळ्यात लोणी पातळ राहून गोळा होत नसे, आणि कडक थंडीत कण इतके घट्ट होत की एकमेकांना चिकटतच नसत. लोणी यायला स्निग्धांश काही घट्ट, काही पातळ असा मिश्र हवा, हे तिला हाताने कळत होते.

क्रीम फेटण्याचे शास्त्र हेच आहे. दुधातला स्निग्धांश बारीक गोळ्यांच्या रूपात पाण्यात तरंगत असतो. गार केलेल्या क्रीममध्ये प्रत्येक गोळ्यात थोडा भाग गोठून त्याचे अणकुचीदार स्फटिक झालेले असतात, उरलेला पातळ असतो. बीटर फिरू लागला की हवेचे बुडबुडे आत शिरतात आणि गोळे एकमेकांवर आपटतात. स्फटिकांची टोके शेजारच्या गोळ्यात घुसतात, आणि पातळ भाग गोंदासारखा दोघांना जोडतो. मात्र आतला घट्ट भाग आकार धरून ठेवतो, म्हणून दोन गोळे पूर्ण एकजीव होत नाहीत, अर्धवट जुळून राहतात. अशा जुळलेल्या गोळ्यांची साखळी बुडबुड्यांभोवती जाळे विणते. बीटर उचलल्यावर क्रीमचे टोक उभे राहते ते या जाळ्यामुळे.

यातून तीन गोष्टी निघतात. क्रीम कोमट असेल तर गोळ्यांत स्फटिक पुरेसे नसतात, गोळे जुळण्याऐवजी एकमेकांत मिसळून जातात आणि कितीही फेटले तरी पातळच राहते. म्हणून क्रीम, भांडे आणि बीटरची पाती सगळे गार हवे. ४ ते ५ अंशांना रात्रभर ठेवलेले क्रीम उत्तम, आणि फेटताना ते १० अंशांच्या वर जाऊ नये. दुसरी गोष्ट, स्निग्धांश पुरेसा हवा. तो ३० टक्क्यांच्या खाली गेला की जाळे विणायला गोळे अपुरे पडतात. ३५ टक्क्यांच्या आसपास काम सोपे होते. तिसरी, जास्त फेटले की अर्धवट जुळलेले गोळे पुरते जुळतात, क्रीम रवाळ दिसू लागते, पिवळसर होते आणि पाणी सुटते. ते लोणी झालेले असते, मागे फिरवता येत नाही.

किराणा दुकानात मिळणारे 'फ्रेश क्रीम' फेटता येत नाही ही तक्रार याच हिशेबात बसते. त्यात साधारण २५ टक्के स्निग्धांश असतो, आणि पाकिटात ते वर-खाली वेगळे होऊ नये म्हणून त्यातले गोळे यंत्राने आणखी बारीक केलेले असतात. अशा बारीक गोळ्यांवर दुधातल्या प्रथिनांचे जाड आवरण बसते आणि ते सहज जुळत नाहीत. काही जणी पाकीट रात्रभर फ्रीजमध्ये उभे ठेवून खालचे पातळ पाणी काढून टाकतात. हिशेब असा: २०० ग्रॅम क्रीममध्ये ५० ग्रॅम स्निग्धांश. त्यातले ६० ग्रॅम पातळ पाणी वेगळे निघाले तर उरलेल्या १४० ग्रॅममध्ये तेच ५० ग्रॅम, म्हणजे सुमारे ३६ टक्के. युक्ती बरोबर आहे, फक्त प्रत्येक पाकिटात पाणी इतके वेगळे होतेच असे नाही. ऑर्डरचा केक यावर अवलंबून ठेवू नये.

टॉपिंगची घडण

व्हिप टॉपिंगचा जन्म दुधाच्या टंचाईतून झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत दुधाचे क्रीम दुर्मीळ झाले होते. १९४५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात रॉबर्ट रिच यांनी सोयाबीनपासून फेटता येणारे टॉपिंग बाजारात आणले. ते गोठवता येत होते आणि वितळल्यावर तसेच फेटले जात होते. दुधाच्या क्रीमला हे जमत नाही. गोठवून वितळवलेले दुधाचे क्रीम बहुधा फाटते.

आजच्या टॉपिंगमध्ये सोयाबीनपेक्षा पाम कर्नल तेल, म्हणजे तेलमाडाच्या फळातल्या बीचे तेल, जास्त दिसते. काही ठिकाणी खोबरेल असते. दोन्हींत लॉरिक आम्लाचे प्रमाण जवळजवळ निम्मे. एकाच प्रकारचे रेणू जास्त असल्यामुळे ही तेले एका ठरावीक तापमानाला झटकन गोठतात आणि झटकन वितळतात. खोबरेल तेलाची बाटली आठवा: सुमारे २४ अंशांखाली ती अख्खी गोठते, त्याच्या वर अख्खी पातळ होते. पुण्याच्या डिसेंबरात ती उन्हात ठेवावी लागते, कोकणात क्वचितच. कारखान्यात या तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून किंवा त्यातला घट्ट भाग वेगळा काढून हा वितळबिंदू वर नेतात, साधारण ३५ ते ४० अंशांपर्यंत.

बाकीच्या घटकांत पाणी, साखर आणि थोडे दुधातले प्रथिन असते. 'नॉनडेअरी' म्हणवणाऱ्या बहुतेक टॉपिंगांच्या वेष्टनावर सोडियम केसिनेट हे नाव सापडेल. ते दुधातूनच काढलेले असते. दुधाची ॲलर्जी असलेल्या मुलासाठी किंवा दूध वर्ज्य करणाऱ्या ग्राहकासाठी टॉपिंगचा केक करताना ही ओळ वाचायलाच हवी. याशिवाय दोन प्रकारचे सहायक पदार्थ असतात. पहिला इमल्सीफायर. तो स्निग्ध गोळ्यांवरचे प्रथिनाचे आवरण ढिले करतो, म्हणजे फेटल्यावर गोळे लवकर जुळतात. दुसरा स्टॅबिलायझर, म्हणजे सेल्युलोजपासून किंवा समुद्री शेवाळापासून केलेले डिंक. ते पाणी धरून ठेवतात. दुधाच्या क्रीममध्ये जे काम फक्त स्निग्धांश करतो, ते इथे तिघे वाटून घेतात. म्हणूनच कमी स्निग्धांशातही टॉपिंग तीन ते चार पट फुगते. दुधाचे क्रीम जेमतेम दुप्पट होते.

या एका फरकाचा परिणाम किती मोठा आहे ते मांडून पाहू. एक लिटर फेटलेले क्रीम हवे असेल तर दुधाचे साधारण ५०० ग्रॅम लागेल. ३५ टक्क्यांनी त्यात १७५ ग्रॅम स्निग्धांश आला. तेवढ्याच आकारमानासाठी टॉपिंग २८० ग्रॅम पुरेल आणि त्यात २५ टक्के धरले तरी ७० ग्रॅमच स्निग्धांश. घासामागे निम्म्याहून कमी. टॉपिंगचा केक खाताना 'हलका' वाटतो आणि दुधाच्या क्रीमचा 'भरलेला', त्याचे मोठे कारण हेच: टॉपिंगच्या चमच्यात हवा जास्त असते.

उष्णता: दोन स्निग्धांशांचा उतार

आता मुख्य मुद्दा. दुधाच्या स्निग्धांशात शेकडो प्रकारचे रेणू असतात आणि प्रत्येकाचा वितळबिंदू वेगळा. त्यामुळे तो एकदम वितळत नाही, हळूहळू उतरणीला लागतो. फ्रीजमध्ये त्याचा साधारण निम्मा भाग घट्ट असतो. २० अंशांना सुमारे एक पंचमांश उरतो. ३० अंशांना जेमतेम विसावा भाग. ३७ च्या आसपास काहीच नाही. गाईच्या तुलनेत म्हशीच्या दुधाचा स्निग्धांश थोडा अधिक घट्ट असतो, पण उतार तोच.

टॉपिंगमधल्या कर्नल तेलाचा उतार निराळा आहे. २० अंशांना त्याचा चार पंचमांशाहून अधिक भाग घट्ट असतो. २५ पर्यंत फार फरक पडत नाही. मग ३० च्या जवळ एकदम घसरण सुरू होते, तरी त्या तापमानाला प्रकारानुसार एक तृतीयांशाच्या आसपास घट्ट भाग उरतो. त्यात डिंकांनी धरलेले पाणी मदतीला असते.

युरोपात या फरकाने फार बिघडत नाही. तिथे खोली २० अंशांना आणि जीभ ३५ अंशांना, मध्ये १५ अंशांची मोकळी जागा. टेबलावर उभे राहणारे आणि तोंडात विरघळणारे क्रीम त्या जागेत आरामात बसते. मुंबईत मे महिन्यात दुपारी हॉल ३२-३३ अंशांना असतो. ही जागा दोन-तीन अंशांवर आली. विदर्भात ती उरतच नाही. नागपूरच्या मे महिन्यात बाहेरची हवा जिभेपेक्षा कितीतरी गरम असते. अशा हवेत टिकणारा स्निग्ध पदार्थ तोंडातही टिकणारच. आपल्याकडच्या क्रीमच्या सगळ्या तक्रारींचे मूळ इथे आहे.

प्रत्यक्षात दुधाच्या क्रीमचा केक ३३ अंशांच्या हॉलमध्ये आणला की काय होते, ते क्रमाने पाहता येते. आधी वरच्या फुलांच्या कडांना चकाकी येते. फुलांची टोके सर्वांत पातळ असल्याने तीच आधी तापतात. साधारण अर्ध्या तासात नोझलच्या धारदार रेषा गोलसर होतात. नंतर बाजूचे क्रीम खाली सरकून केकच्या पायाशी फुगवटा येतो, आणि शेवटी ताटलीत पिवळट पाणी दिसते. पंखा सुरू असेल तर हे लवकर घडते, कारण गरम हवा केकवर सतत येत राहते. केकला गार वारा देण्यासाठी पंखा लावणाऱ्यांना हे सांगायला हवे.

टॉपिंगची फुले याच हॉलमध्ये तासभर, कधी त्याहून जास्त वेळ कडा धरून राहतात. पण ती अमर नाहीत. ३५ अंशांच्या पुढे तीही बसतात. आधी पृष्ठभागावर बारीक छिद्रे पडतात, मग थर एकत्र खाली येतो. उघड्या लॉनवरच्या लग्नात दुपारी ठेवलेल्या तीन मजली केकला टॉपिंगही वाचवू शकत नाही.

आणि मुंबईच्या पावसाळ्यात तिसरीच अडचण असते. तिथे हवेतली वाफ २४-२५ अंशांनाच पाणी होऊ लागते, म्हणून फ्रीजमधून काढलेल्या कोणत्याही केकला घाम येतो. टॉपिंगवरचे गडद लाल किंवा निळे रंग या घामात ओघळतात. यावर स्निग्धांश बदलून काही होत नाही. केक खोक्यात बंद ठेवूनच बाहेर काढावा आणि खोके दहा-पंधरा मिनिटांनी उघडावे. मग बरेचसे पाणी केकऐवजी खोक्यावर जमते.

टॉपिंग बिघडते ते कुठे

टॉपिंग चुकत नाही असा समज आहे, पण निम्म्या तक्रारी ते वितळवण्यातल्या असतात. उणे १८ अंशांना गोठवलेले पाकीट फ्रीजच्या खालच्या कप्प्यात रात्रभर, एक किलोचे असेल तर जवळपास २४ तास ठेवून वितळवावे. ओट्यावर किंवा गरम पाण्यात वितळवले की बाहेरचा थर कोमट होतो आणि आत बर्फ राहतो. फेटल्यावर त्यात बारीक कण लागतात, आणि ते काही केल्या जात नाहीत. पुन्हा गोठवलेल्या पाकिटाचा फुगवटा कमी होतो. भांड्याचा पाचवा ते चौथा भाग भरेल इतकेच टॉपिंग घ्यावे आणि मध्यम वेगाने फेटावे. दहा मिनिटे होऊनही ते पातळच असेल तर ते गरम झालेले आहे. फेटणे थांबवून भांडे फ्रीजमध्ये ठेवावे.

टॉपिंग जास्त फेटले तर त्याचे लोणी होत नाही, म्हणून चूक लगेच कळत नाही. ते कोरडे होते, चकाकी जाते, पॅलेट नाइफने पसरताना तडे जातात आणि कापल्यावर आत स्पंजसारखी भोके दिसतात. असे झाल्यास एक-दोन चमचे न फेटलेले गार टॉपिंग घालून हाताने हलके ढवळावे, बरेचसे सावरते.

चव: काय येते, काय राहते

दुधाच्या क्रीमची चव बहुतांशी त्याच्या स्निग्धांशातच असते. त्यात ब्युटिरिक आम्लासारखी लहान साखळीची आम्ले असतात, जी दुसऱ्या कोणत्याही खाद्यतेलात मिळत नाहीत. लॅक्टोन नावाचे सुगंधी पदार्थ असतात, ज्यांच्यामुळे क्रीमला किंचित फळासारखा, गोडसर वास येतो. दुधाची साखर आणि प्रथिने असतात. क्रीम तोंडात वितळते तेव्हा हे सगळे एकदम सुटते. म्हणून साखर कमी घातली तरी ते चवदार लागते.

कर्नल तेल शुद्ध करताना त्याचा वास काढून टाकलेला असतो. टॉपिंगची चव म्हणजे त्यातली साखर आणि वरून घातलेला व्हॅनिला किंवा दुधाचा स्वाद. साखर आधीच मिसळलेली असल्यामुळे गोडी कमी करता येत नाही. आणि वितळबिंदू जितका वर नेलेला, तितका थोडा भाग ३५ अंशांनाही घट्टच राहतो. टाळूला जो मेणासारखा थर लागतो, गरम चहा घेतल्यावरच जो जातो, तो हाच. उन्हाळ्यासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या जास्त टिकाऊ टॉपिंगमध्ये हा थर जास्त जाणवतो, त्याचेही हेच कारण.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. चांगल्या प्रतीचे, ३५ अंशांच्या आत पूर्ण वितळणारे लॉरिक टॉपिंग तोंडात एकदम वितळते आणि वितळताना उष्णता शोषून घेते, म्हणून जिभेला गारवा लागतो. बऱ्याच मुलांना तोच आवडतो. आणि टॉपिंगची स्वतःची चव नसणे कधी फायद्याचे ठरते: रसमलाई किंवा गुलकंद केकमध्ये केशर-वेलची पुढे यावी असे वाटत असेल तर दुधाचा वास नसलेले टॉपिंग आड येत नाही. चॉकलेट आणि कॉफीच्या केकला मात्र दुधाचे क्रीमच शोभते, कारण कडवटपणा झाकायला त्या स्निग्धांशाची जाडी लागते.

लॉरिक तेलांचा एक दोष चवीच्या दृष्टीने गंभीर आहे. ओलावा आणि लायपेज नावाचे पाचक विकर एकत्र आले की लॉरिक आम्ल सुटे होते, आणि चव साबणासारखी लागते. बुरशी, काही मसाले आणि नीट न भाजलेली कोको पावडर यांतून हे विकर येते. जुन्या टॉपिंगच्या केकला साबणाचा वास आला तर कारण बहुधा हे असते. तो केक खायला देऊ नये.

फळांबाबत दोन्ही क्रीमना एकच काळजी. ताज्या अननसातले ब्रोमेलेन प्रथिने तोडते, त्यामुळे थोड्या वेळात क्रीम कडू लागते आणि जिलेटिन घातले असेल तर ते पातळ होते. बेकऱ्यांतला पाइनॲपल केक डब्यातल्या अननसाचा असतो, कारण डबाबंद करताना उकळल्यामुळे हे विकर मेलेले असते. ताजा अननस घ्यायचा तर तुकडे साखरेच्या पाकात पाच मिनिटे उकळून गार करावेत.

उभा आहे म्हणजे ताजा आहे, असे नाही

या सगळ्या चर्चेत सर्वांत कमी बोलली जाणारी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. दुधाचे क्रीम गरम झाले की ते ढासळते. ते ढासळणे ही एक प्रकारची सूचना असते. टॉपिंग अशी सूचना देत नाही. पण त्यात जवळजवळ निम्मे पाणी आहे, साखर आहे, प्रथिन आहे, आणि स्पंजमध्ये साखरेचा पाक व फळे आहेत. जंतूंना लागते ते सगळे तिथे आहे. ५ ते ६० अंशांच्या पट्ट्यात असा पदार्थ दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये आणि ३२ अंशांच्या वर एक तासापेक्षा जास्त नको, हा अन्नसुरक्षेतला सर्वमान्य नियम दोन्ही केकना सारखाच लागू आहे. काउंटरवर संध्याकाळपर्यंत टवटवीत दिसणारी पेस्ट्री सकाळपासून तिथेच असू शकते. फुलांच्या कडा पाहून ती ताजी समजू नये.

वेष्टन वाचताना

भारतात वनस्पती स्निग्धांशाच्या पदार्थाला 'क्रीम' हे नाव देता येत नाही. म्हणून पाकिटावर 'व्हिप टॉपिंग' किंवा तत्सम शब्द असतात. आइसक्रीम आणि फ्रोझन डेझर्ट यांच्यातला फरकही याच रेषेवर आहे. अडचण अशी की पाकीट बेकरीत राहते आणि ग्राहकापर्यंत फक्त केक जातो, ज्याच्या कार्डावर 'फ्रेश क्रीम केक' लिहिलेले असते. केक करणाऱ्याने कोणते क्रीम वापरले ते बिलावर सरळ लिहावे, आणि ग्राहकाने विचारायला संकोचू नये.

ट्रान्स फॅटची भीती बऱ्याच जणांच्या मनात आहे. ती अर्धवट हायड्रोजनेशनमधून येते. पूर्ण हायड्रोजनेशन केलेल्या तेलात ट्रान्स फॅट जवळजवळ नसते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने खाद्यतेल आणि वनस्पती तुपातली ट्रान्स फॅटची मर्यादा जानेवारी २०२१ पासून ३ टक्के आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के केली. संतृप्त स्निग्धांश मात्र दोन्हींत भरपूर आहे: कर्नल तेलात ८० टक्क्यांच्या पुढे, दुधात ६० ते ६५ टक्के. घासामागे हवा किती आहे हे लक्षात घेतले तर दोन्ही केक वाढदिवसालाच बरे, इतके म्हणून पुढे जाऊ.

मधले मार्ग

दुधाच्या क्रीमला आधार देण्याचे मार्ग बरेच आहेत, पण ते सगळे ३५ अंशांच्या भिंतीपाशी थांबतात. २५० मिलि क्रीमला एक छोटा चमचा, म्हणजे सुमारे ३ ग्रॅम जिलेटिन, १५ मिलि गार पाण्यात भिजवून, वितळवून, कोमट असताना अर्ध्या फेटलेल्या क्रीममध्ये धारेने सोडले तर पाणी सुटत नाही. पण जिलेटिन ३० अंशांच्या वर स्वतःच वितळू लागते, आणि ते प्राणिज असल्याने अनेक घरांत चालत नाही. चायनाग्रास त्याची जागा सहज घेत नाही, कारण ते ३५ ते ४० अंशांनाच गोठते आणि गार क्रीममध्ये पडताच त्याच्या गुठळ्या होतात.

मला अधिक भरवशाचा वाटतो तो पांढऱ्या चॉकलेटचा आधार. १०० ग्रॅम चॉकलेट गरम क्रीममध्ये वितळवून एकूण २०० ग्रॅम क्रीम होईल असे मिसळायचे, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी फेटायचे. कोको बटर सुमारे ३४ अंशांना वितळते, म्हणजे ३० अंशांना ते अजून उभे असते आणि जिभेवर मात्र जाते. आपल्याला हवा असलेला उतार निसर्गात कुठे सापडत असेल तर इथे. फक्त चॉकलेट खरे हवे. बाजारातले स्वस्त 'कंपाऊंड' बहुधा त्याच पाम कर्नल स्निग्धांशाचे असते. ते घातले की फिरून टॉपिंगपाशीच येतो.

तिसरा मार्ग मिश्रणाचा. दोन भाग टॉपिंग मऊ टोक येईपर्यंत फेटावे आणि मग एक भाग गार दुधाचे क्रीम हळूहळू ओतत पुढे फेटावे. गोडी उतरते, दुधाचा वास येतो, टिकणे थोडे कमी होते. बऱ्याच बेकऱ्यांमध्ये हेच चालते.

तर मे महिन्यातला तो केक

आता सुरुवातीच्या ऑर्डरकडे येऊ. एक किलोचा हापूसचा केक, क्रीम खरे हवे, साडेपाच ते सात हॉलमध्ये. इथे दोन क्रीमपैकी एक निवडण्याऐवजी मी प्रत्येकाला त्याच्या जागी ठेवेन. केक गरम होतो तो बाहेरून. स्पंज हवेने भरलेला असल्यामुळे उष्णता आत जाऊ देत नाही, म्हणून पृष्ठभाग तापला तरी मधले थर बराच वेळ गार राहतात. चव मात्र मधल्या थरांतच जास्त असते.

म्हणून ४०० ग्रॅम स्पंज, २०० ग्रॅम आंब्याचे तुकडे आणि आत २०० ग्रॅम पांढऱ्या चॉकलेटचा आधार दिलेले दुधाचे क्रीम. स्पंज पूर्ण गार झालेला हवा. हाताला कोमट लागणारा स्पंज आतले क्रीम भरतानाच वितळवतो. बाहेर २०० ग्रॅम टॉपिंग, अंगाला पातळ थर आणि वर थोडी, पसरट फुले. उंच फुलांची टोके आधी जातात हे आपण पाहिलेच. रस आंबट असतो आणि क्रीमचे प्रथिन त्याने फाटते, म्हणून आंब्याचा रस क्रीममध्ये न मिसळता तुकडे निथळून थरात घालायचे. केक चार तास तरी फ्रीजमध्ये, मग बर्फाच्या पिशव्या लावलेल्या थर्माकोलच्या खोक्यात प्रवास.

आणि ग्राहकाला एवढेच सांगायचे: केक साडेपाचला येईल, पण तो तुमच्या फ्रीजमध्ये जाऊ द्या, पावणेसातला बाहेर काढा. हे एक वाक्य मान्य झाले तर बाहेरचे टॉपिंगही काढून टाकता येईल आणि अख्खा केक दुधाच्या क्रीमचा करता येईल. मान्य नसेल, तर हॉल ३२ अंशांच्या वर असताना केक तासाभरापेक्षा जास्त बाहेर राहू नये हे सांगायचे, आणि बाहेरचा थर वनस्पती स्निग्धांशाचा आहे हे बिलावर लिहून द्यायचे. उन्हाळ्यातल्या हॉलमध्ये दीड तास उभा राहणारा आणि तरीही पूर्णपणे दुधाचा असा केक जो देऊ करतो, त्याने एकतर खोली गार ठेवलेली असते किंवा क्रीमविषयी खरे सांगितलेले नसते.